समोरच्या पेढीची हमी

अक्षय्य तृतीयेच्या सकाळी गुजरीतल्या आपल्या सराफी पेढीवर बसून सीताबाई समोरच्या पेढीकडे जळत्या नजरेने पाहत होत्या. ती पेढी त्यांच्या धाकट्या जाऊबाईंची. ‘आज सोने घ्या, वर्षभर भरभराटीची हमी!’ असा फलक तिथे झळकत होता आणि पायरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. सीताबाईंच्या दारातल्या पाटीवर मात्र सून आदितीने लिहिले होते: ‘सणाचे सोने श्रद्धेने घ्या. भाव चढेल वा उतरेल, शुद्धता हॉलमार्कची. घडणावळीत आज सवलत.’

“उतरेल कशाला लिहायचं? पूस ते! हमी लिही,” सीताबाई गरजल्या.

“आई, शुद्धतेची हमी आपण देऊ. नशिबाची कशी देणार?”

तेवढ्यात कागलच्या धोंडुबाई समोरून तरातरा आल्या. “पावतीवर हमी लिवून द्या म्हटलं, तर तुमच्या जाऊबाई म्हणतात, ते पाटीपुरतंच हाय! सणाला घरात सोनं यावं, एवढंच माझं मागणं. तुम्ही काय लिवून देता?”

सीताबाईंनी क्षणभर सुनेकडे पाहिले. “वजन, कस आणि घडणावळ. बाकी ज्याच्या त्याच्या कर्मात.”

“मग दावा की एक अंगठी!”

जैन रिवाजाप्रमाणे आज ऋषभदेवांच्या पारण्याचा म्हणून ठेवलेला उसाचा रस सीताबाईंनी स्वतः पुढे केला. समोरची गर्दी तसूभरही हटली नव्हती आणि मनातला जळफळाटही शमला नव्हता.

“आदिती, आपली पाटी रस्त्याकडे सरकव,” त्या म्हणाल्या. “जाऊबाईंना बसल्या जागी वाचता आली पाहिजे.”