चिन्नूने तीन दिवस गाठले

माझा भाचा चिन्नू ऑगस्टच्या एकतीस तारखेचा. आमच्याकडे बाळाला पहिला घास मामाने भरवायचा, आणि तोही सहा महिने पुरे झाल्यावरच. चिन्नूला मामा एकच, माझा मोठा भाऊ नरेश अण्णा. आणि तो आजच, अठ्ठावीस फेब्रुवारीला, संध्याकाळच्या बसने हैदराबाद गाठून तिथून मस्कतला निघणार. दोन वर्षांसाठी.

म्हणून आम्ही सकाळीच आर्मूरला, अक्काच्या सासरी हजर. पायसम तयार, ते चाटवायची सोन्याची अंगठी धुऊन ठेवलेली. आणि अक्काची सासू, गंगव्वा अत्तम्मा, पातेल्यावर झाकण ठेवून त्यासमोर पहारेकऱ्यासारखी बसलेली.

"एकतीस तारीख आली का?"

"फेब्रुवारीत ती येतच नाही, अत्तम्मा," अक्का रडकुंडीला आली होती.

"मग सहावा महिना पुरा कुठून झाला? येईल तेव्हा भरवू."

मी चिन्नूची मावशी, नववीत आहे. गप्प बसणं मला हल्ली जमत नाही. "एकतीसच धरायची तर सप्टेंबर गेला, नोव्हेंबर गेला, फेब्रुवारीही गेला. उरले ऑक्टोबर, डिसेंबर, जानेवारी. म्हणजे चिन्नू तीनच महिन्यांचा."

अत्तम्माने चिन्नूला नीट निरखलं. "तरीच दात नाहीत."

अण्णाने कपाळाला हात लावला.

तेवढ्यात आरोग्य केंद्राची आशाताई सुजाता चिन्नूचं वजन करायला आली. सगळ्यांनी तिलाच धरलं.

"ज्या महिन्यात ती तारीख नाही, त्याच्या शेवटच्या दिवशी महिना पुरा," ती काटा लावत म्हणाली. "ऑगस्टच्या अठ्ठावीसपासून एकतीसपर्यंतची माझी सगळी बाळं आज सहा महिन्यांची झाली. समोरच्या पोशव्वाचा नातू अठ्ठावीसचा. त्याचाही आज पहिला घास, अकरा वाजता."

अत्तम्मा एकदम ताठ बसली. पोशव्वाशी तिचं नळावरून वाकडं होतं.

"तो आमच्याहून तीन दिवसांनी मोठा ना?"

"हो."

"आणि आज दोघं सारखेच?"

"दोघंही सहा पुरे."

"म्हणजे आमच्या चिन्नूने त्याला गाठलं."

"झोपून झोपून गाठलं," अण्णा पुटपुटला.

"नरेश, पाटावर बस. अकराच्या आत उरकायचं." झाकण बाजूला झालं.

चिन्नूने अंगठीवरचं पायसम चाटलं, तोंड वाकडं केलं, आणि मग गिळून अण्णाचं बोटच धरून ठेवलं. अण्णा दुसरीकडे बघत बसला. अत्तम्मा मात्र कुंपणाशी पोचली होती.

"पोशव्वा, गाठलं बरं का तुमच्या नातवाला."

पलीकडून पोशव्वाचा आवाज आला, "मार्चच्या अठ्ठावीसला आमचा सात महिन्यांचा होईल. तुमचा तेव्हा कुठे असेल?"

अत्तम्मा मागे वळली. "सुजाता, हा पुन्हा मागे पडणार?"

"तीन दिवस, अत्तम्मा."

"मग आजचे सहा महिने खरे धरायचे की नाही?"

सुजाताने तोंड उघडायच्या आत अण्णाने दुसरा घास भरवून टाकला.