बारा हप्त्यांची सूट

शबनूरने धैर्यशीलच्या दुकानात अर्धा तास घासाघीस केली आणि भरतकामाचं मशीन पंचेचाळीसवरून बेचाळीस हजारांवर आणलं. कसबा बावड्यात बसून ब्लाउज शिवणाऱ्या बाईने शाहूपुरीतल्या दुकानदाराला तीन हजारांनी खाली ओढलं, या आनंदात तिने कार्ड दिलं आणि पिन टाकला. दहा तारखेला तिची भिशी लागणार होती. बिल आलं की त्यातून एकरकमी भरून मोकळं व्हायचं, हप्त्यांचं लचांड नको, हे तिचं आधीच ठरलेलं.

धैर्यशीलने कार्डाच्या मशीनमधून निघालेली चिठ्ठी सहीसाठी पुढे केली. सही करण्याआधी वाचायची तिची सवय त्याला कुठून माहीत असणार.

"दादा, बारा हप्ते कुणी सांगितलं?"

"भाभी, शून्य व्याजाची स्कीम हाय. सगळेच घेत्यात."

"मग हितं तेरा टक्के व्याज कशाला छापलंय?"

तिने मोबाइलवर हिशेब केला. महिन्याचा हप्ता तीन हजार सातशे एक्कावन्न, गुणिले बारा. उत्तर पंचेचाळीस हजार बारा. शबनूरचं डोकं सणकलं. आपण घासून मिळवलेली सूट ही मुळात, चिठ्ठीवर छापल्याप्रमाणे, मशीन बनवणाऱ्या कंपनीने हप्त्यांवर दिलेली सूट होती. ती व्याजाच्या रूपाने बँकेकडे परत जाणार होती. वर प्रोसेसिंग फी, त्या फीवर अठरा टक्के जीएसटी, आणि दर महिन्याच्या व्याजावरही तेवढाच जीएसटी. म्हणजे घासाघीस करून ती पूर्ण किमतीच्याही वर गेली होती!

"हे रद्द करा. बेचाळीस हजार एकरकमी घ्या."

"हप्ता न्हाय तर सूट न्हाय. पंचेचाळीस पडतील."

"हे पिन टाकायच्या आधी बोलायचं व्हतं. तुम्ही बेचाळीस म्हणालात, हप्त्याचं नाव काढलं न्हाय."

"आता व्यवहार झाला, भाभी."

"आजचा व्यवहार आज रद्द होतोय. कार्डाच्या मशीनवाल्या कंपनीला फोन लावू का?"

ती भरतकामाच्या मशीनच्या खोक्यावर ठाण मांडून बसली. नवीन गिऱ्हाईक आलं की शांतपणे सांगायची, "पावणं, हितं सूट मिळत्या. घरी नेऊन बारा महिने परत करायची." दोन गिऱ्हाइकं हसत बाहेर पडली. तिसरं दारात दिसताच धैर्यशीलने निमूटपणे आधीचा व्यवहार रद्द केला आणि कार्ड पुन्हा घातलं. तिने चिठ्ठी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. बेचाळीस हजार, हप्ता नाही. मग सही केली.

"माझं तीन हजार गेलं की, भाभी," तो कुरकुरला.

शबनूरने खोकं रिक्षात ठेवायला लावलं आणि वळून म्हणाली, "हप्त्यानं सोसा की, दादा. शून्य व्याज हाय."