अठ्ठेचाळीस हजारांची किरकोळ बाब

खुर्च्यांच्या कारखान्यातले मुख्य हिशेबनीस हे तिच्या नवऱ्याचे मामेभाऊ. घरी भावोजी, ऑफिसात साहेब. हिशेबखात्यातली तिची नोकरी त्यांनीच लावून दिली होती आणि ते दोन्हीकडे ऐकवत.

सावधगिरीवर साहेबांचं भाषण ठरलेलं असे. "तोटा होईलसं वाटलं की आधी नोंदवायचा, नफा मात्र हातात पडल्यावरच!" शिवाय बारा रुपयांच्या झेरॉक्सची पावती मागून ते माणसाचा जीव काढत.

वर्षअखेरीस नफा निघाला पन्नास लाख वीस हजार. पन्नासच्या वर गेला तर सगळ्या ऑफिसला बोनस. तिच्या वाट्याच्या बावीस हजारांत आईचं कानाचं यंत्र यायचं होतं. गोदामातला माल मोजायला ती गेली आणि दीडशे खुर्च्या पायाला तडा गेलेल्या निघाल्या. हिशेबात एकेक चारशेला होती. भंगारवाला ऐंशीच्या वर एक पैसा देईना.

"खुर्चीमागे तीनशे वीस, म्हणजे अठ्ठेचाळीस हजार तोटा दाखवावा लागेल," तिनं सांगितलं.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "वहिनी, उलाढाल बारा कोटींची. त्यात अठ्ठेचाळीस हजार म्हणजे किस झाड की पत्ती! किरकोळ बाबी सोडून द्यायच्या असतात."

किरकोळ! झेरॉक्सवाले बारा रुपये कुठे गेले, असं तिच्या अगदी जिभेवर आलं.

"किरकोळ असेल तर लिहायला काय हरकत आहे?"

"बोनस जाईल ना सगळ्यांचा!"

"ज्या रकमेनं चाळीस जणांचा बोनस जातो, ती किरकोळ कशी?"

"तुमचाही जाईल. आईंचं यंत्र विसरलात वाटतं?"

ते तिला लागलं. हा माणूस घरचं सगळं जाणून होता आणि नेमकं तिथेच बोट ठेवत होता. क्षणभर तिला वाटलं, जाऊ दे, खुर्च्या गोदामात पडल्या आहेत, कोण बघतंय? मग तिला स्वतःचीच चीड आली.

"बरं," ती म्हणाली, "तुम्ही घ्या त्या. चारशेनं, रोख. मग एक पैसाही तोटा नाही."

"तडा गेलेली खुर्ची चारशेला? मी काय वेडा आहे?"

"मग मालक वेडे आहेत का, चारशेला धरायला?"

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. तिनं नोंद केली. नफा आला एकोणपन्नास लाख बहात्तर हजार. दुपारपर्यंत बातमी पसरली आणि डबा खायला तिच्या टेबलाशी कुणी बसेना.

आठवड्यानं मालक आले. ताळेबंद पाहताना त्यांचं बोट त्या ओळीवर थांबलं. "हा तोटा आपणहून दाखवलात? कर्ज देताना बँकेला असाच हिशेब आवडतो."

"सावधगिरी, साहेब," भावोजी अदबीनं वाकले. "मी ह्यांना पहिल्या दिवसापासून तेच शिकवतोय."

मालकांनी त्यांच्याशी हात मिळवला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण रविवारी ह्याच माणसाला घरी जेवायला वाढायचं होतं, म्हणून ती गप्प बसली.