कैलासवासी अध्यक्ष

आर्वीजवळच्या एका गावात पंचावन्न साली तेल्यांनी सहकारी संस्था काढली. सुधारलेल्या तेलघाणीसाठी कर्ज हवे होते. ठराव गेला, सभासदांची यादी गेली. मग सहकार खात्याच्या वर्ध्याच्या कचेरीने अध्यक्षांचा परिचय मागवला. वय, धंद्यातला अनुभव, चारित्र्य.

अध्यक्ष होता कवडू. सहीपुरता शिकलेला. तो गेला पुंडलिकराव गुरुजींकडे. गुरुजींचा हात चांगला, पण आयुष्यभर त्यांनी लिहिली ती शोकसभेची भाषणे. त्यांनी लिहिले, "कवडूजी अत्यंत प्रेमळ होते. घाणी हेच त्यांचे जीवन होते. गाव त्यांना कधीच विसरणार नाही." कवडूने ऐकले, डोळे पुसले आणि संस्थेचा शिक्का मारला.

पंधरवड्याने उत्तर आले. अध्यक्षांच्या निधनाबद्दल कचेरीला खेद होता. दुखवट्याचा ठराव करून नवा अध्यक्ष निवडावा, त्याशिवाय अर्जाची शिफारस होणार नाही.

कवडू तडक वर्ध्याला गेला. "साहेब, मी तं तुमच्यासमोर उभा आहो!"

कारकून प्रभाकररावांनी त्याला नीट न्याहाळले. "दिसताय खरे. पण परिचय संस्थेच्या शिक्क्यानिशी आलाय. साहेबांचा शेराही पडला. आता तुम्हाला जिवंत करण्याचा मला अधिकार नाही. नवी निवड करा की! तुम्हीच पुन्हा उभे राहा."

कवडूला हे पटले. सभेची नोटीस निघाली. पहिला विषय दुखवटा. सगळे दोन मिनिटे माना खाली घालून उभे राहिले. कवडूही राहिला, बसून कसे चालेल? मग गुरुजींनी परिचय मोठ्याने वाचला. देवकाबाई, कवडूची बायको, दारातच हुंदका देऊन म्हणाली, "असा देवमाणूस होता, अन् मी रोज त्याले बोलत होती!"

"अवो, मी इथंच आहो," कवडू पुटपुटला.

दुसरा विषय निवडणूक. कवडूचे नाव सुचवले, तसा हरिदास उठला. तो उपाध्यक्ष.

"कवडूभाऊ माणूस चांगला. पण त्या गेलेल्याच्या जागी हा कसा बसन? आताच ऐकलं ना आपन, ते काय होते!"

लोकांनी एकदा कवडूकडे पाहिले, एकदा कागदाकडे.

"काऊन, मीच तं तो!"

"तू भांडतं," कोणी म्हणाले. "ते प्रेमळ होते."

खरे म्हणजे कवडूलाही तो कागदातला माणूस फार आवडला होता. मतदान झाले तेव्हा त्यानेही हरिदाससाठी हात वर केला.

हरिदासचा परिचय या वेळी कोणी गुरुजींना लिहू दिला नाही. तो कारकुनासमोर स्वतः बसून सांगून आला, आणि कर्ज मंजूर झाले. घाणी आली, पण हरिदासला बैल काही वळेना. शेवटी कवडूच पहाटे उठून घाणी जुंपू लागला. जवसाचे पहिले तेल निघाले तेव्हा देवकाबाईने वाटी पुढे केली आणि म्हणाली, "हळू ओत, तेल सांडून राह्यलं."

"सांडू दे," कवडू म्हणाला, आणि वाटी काठोकाठ भरली.