ओलं टेबल

ललिता स्वच्छतेच्या प्रमाणपत्राची लेखी परीक्षा दोनदा पास झाली होती आणि दोन्ही वेळा ती हातानं नापास झाली होती. हातानं म्हणजे खरोखरच हातानं. डोक्यात सगळं नीट होतं.

हथखोजच्या कारखान्यात, जिथे दही आणि पनीर बनतं, ती आठ वर्षं होती. आधी क्रेट धुवायला, मग मशीन धुवायला, आणि गेलं वर्षभर स्वच्छतेची सुपरवायझर म्हणून. पण ते पद कच्चं होतं. पक्क्या सुपरवायझरची टोपी निळी असते, ललिताची अजून पांढरीच होती. मोठ्या ग्राहकांचे लोक तपासणीला येतात तेव्हा प्रमाणपत्र असलेला माणूस दाखवावा लागतो. कारखान्यातला क्वालिटीचा पोरगा राजदीप तिला मावशी म्हणायचा. त्यानंच खालच्या आवाजात सांगितलं होतं, "मावशी, ये लास्ट है. या वेळी नाही झालं तर सेठ रायपूरहून माणूस आणून राहिले. तुमाले परत क्रेटवर जावं लागंन."

क्रेटच्या शेडमध्ये परत जायचं, ते पण आपण ज्यांना शिकवलं त्यांच्या हाताखाली. ललितानं मान हलवली होती, पण त्या दिवशी डबा तसाच परत आणला होता.

आता हातानं नापास कशी, ते सांगायला हवं. परीक्षेत एक स्टीलचं टेबल देतात, त्याला दही, तूप असं काहीतरी फासलेलं असतं. ते वीस मिनिटांत खाद्यपदार्थ ठेवण्याजोगं करून दाखवायचं. आधी खरवडून घाण काढायची, पाण्यानं धुवायचं, मग साबणाचं द्रावण लावून ब्रशनं घासायचं, परत धुवायचं, आणि साबण कुठे राहिला नाही हे पाहून शेवटी क्लोरीनचं पाणी. घाणीवर क्लोरीन मारलं तर ते घाणीतच संपून जातं, जंतूंपर्यंत पोचत नाही, म्हणून हा क्रम. त्यांच्या कारखान्यातलं क्लोरीनचं प्रमाण शंभर पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत शंभर, आणि टेबल दोन मिनिटं ओलं राहायला हवं, त्याला कॉन्टॅक्ट टाइम म्हणतात. मग पुसायचं नाही, फडक्यातून जंतू परत लागतात. आपोआप सुकू द्यायचं.

ललिता पुसायची.

पहिल्यांदा तिला कळलंच नाही. निकाल लागल्यावर कारण वाचून ती म्हणाली होती, मी कधी पुसलं? दुसऱ्यांदा तर तिनं स्वतःला बजावलं होतं, तरी दोन मिनिटं संपायच्या आत तिचा हात फडक्याकडे गेला आणि टेबल लख्ख कोरडं करून आला. कुत्र्याला हाक मारावी आणि त्यानं ऐकू नये, तसा.

ही सवय तिला सासूनं लावली होती आणि सासूला भिलाईनं. ललिता लग्न होऊन रुआबांध्याला आली तेव्हा सासूनं, कलावतीबाईनं, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की या घरात ओलं भांडं ठेवायचं नाही. पोलादाच्या कारखान्याकडून, प्लांटकडून, वारा आला की हवेतून काळी भुकटी उतरते. कोरड्या ताटावरून ती झटकली जाते, ओल्यावर चिकटून बसते. प्लांटमध्ये नोकरी करणाऱ्या माणसाची बायको कोण आणि कोण नाही, ते तिच्या ताटाच्या कोरड्या काठावरून कळतं, असं कलावतीबाई म्हणायच्या. तेवीस वर्षं ललिता ताट धुऊन खाली ठेवायच्या आधी पुसत आली होती.

तिचा नवरा भय्याजी प्लांटमध्ये क्रेनवर होता. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात त्यानं स्वयंपाकघराच्या ओट्यावर सराव लावला. मोबाईलवर घड्याळ चालू करून तो दारात उभा राहायचा आणि ललिता ओटा ओला करून हात पाठीमागे बांधून उभी राहायची. पोरगी दीक्षा खाटेवर पडून हसत राहायची.

"मम्मी, तू तो बिलकुल पनिशमेंट में खड़ी लग रही है."

"तू गप बस," भय्याजी म्हणाला. "एक मिनिट झाला. ललिता, हात सोडू नको."

"मी कुठं सोडून राहिली?"

"बोटं हलून राहिले तुह्ये."

तेवढ्यात कलावतीबाई आतून आल्या. ओला ओटा पाहिला, कमरेचं फडकं काढलं आणि दोन हातांत पुसून टाकला.

"आई!" भय्याजी म्हणाला. "ते टाइमात होतं ना."

"टाइमात असो का अटाइमात, खिडकी उघडी हाय. काजळ बसते," म्हातारी म्हणाली आणि फडकं पिळून परत कमरेला खोचलं. "सून सरकारी परीक्षा देऊन राहिली, का घर घाण करून राहिली, काही समजत नाही."

"सरकारी नाही वो आजी, प्रायव्हेट है," दीक्षा म्हणाली.

"मंग तर आणखीनच पुसा."

परीक्षा पद्मनाभपूरला एका प्रशिक्षण केंद्रात होती. ललिता सकाळी भय्याजीच्या गाडीवर मागे बसून गेली. दारात सोडताना तो म्हणाला, "फडकं दिसलं का नजर फिरव." तिनं मान हलवली.

परीक्षक त्याच होत्या, देवांगन मॅडम. दोन्ही वेळा ललिताला नापास केलेल्या. बारीक चष्मा, हातात कागद लावलेली पाटी, आणि चेहऱ्यावर राग नाही की लोभ नाही.

"शुरू कीजिए," त्या म्हणाल्या.

ललितानं पहिलं काम हे केलं, की टेबलाजवळ ठेवलेली तिन्ही फडकी उचलून मॅडमच्या खुर्चीवर नेऊन ठेवली. "ये मेरे काम की नहीं हैं," ती म्हणाली. मॅडमनी एक क्षण तिच्याकडे पाहिलं आणि पाटीवर काही लिहिलं.

मग सगळं सुरळीत चाललं. खरवडलं, धुतलं, साबणानं घासलं, कोपऱ्यांत आणि खालच्या कडेलाही ब्रश फिरवला, परत धुतलं, बोट फिरवून बुळबुळ राहिली नाही ना ते पाहिलं. हातमोजे बदलले, चष्मा लावला. बादलीत पाच लिटर साधं गार पाणी आधी घेतलं. गरम पाण्यात क्लोरीन उडून जातं. क्लोरीनच्या कॅनवर दहा टक्के लिहिलं होतं. दहा टक्के म्हणजे एक लाख पीपीएम, पाच लिटरला पाच मिली. ती पाच मिली मोजून बादलीत सोडली, ढवळलं, क्लोरीन मोजायची कागदी पट्टी बुडवली. पट्टीचा रंग डबीवरच्या रंगांशी लावला तर तो पन्नासाजवळ आला, शंभराजवळ नाही.

हे तिला रोजचं होतं. भिलाईच्या उन्हात कॅन पडून राहिला की त्याचा दम निघून जातो. कागदावरचा हिशेब ताज्या कॅनचा असतो. "कॅन पुराना है," ती मॅडमना म्हणाली, थोडं थोडं करून आणखी घातलं, दर वेळी नवी पट्टी लावली, आणि रंग शंभरावर आला तेव्हाच बाटलीत भरलं. टेबलावर कडेपासून कडेपर्यंत फवारलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. हात पाठीमागे बांधले.

ओलं टेबल चकचकत होतं. एका कडेला थेंब जमा झाला, मोठा झाला, लोंबकळला. ललितानं घड्याळाकडे पाहिलं. एक मिनिट होऊन गेलं होतं. मग थेंब खाली पडणार, फरशीवर पडणार, असं तिला वाटलं आणि पुढच्याच क्षणी तिच्या हातात तिच्याच एप्रनचं टोक होतं आणि टेबलाची ती कड कोरडी झाली होती.

ती तशीच थांबली. मॅडमनी पाहिलं होतं की नाही, कळत नव्हतं. त्या पाटीकडे बघत होत्या. ललिताला क्रेटची शेड दिसली, आणि शेडमधली ती पोरगी, जिला तिनं ब्रश कसा धरायचा ते शिकवलं होतं.

पण एप्रनवर तर मघाशी दह्याचे शिंतोडे उडाले होते. हे तिला डोक्यानं नाही, कामाच्या सवयीनं आठवलं. मळलेला एप्रन त्या कडेला लागला. आता ती कड स्वच्छ नाही. कारखान्यात एखाद्या पोरानं असं केलं असतं तर तिनं काय सांगितलं असतं? परत कर, अजून काय.

"मॅडम," ती म्हणाली, "मैंने पोंछ दिया. एप्रन गंदा था. कॉन्टॅक्ट टाइम टूट गया. फिर से करना पड़ेगा."

"समय देख लीजिए," मॅडम एवढंच म्हणाल्या.

पाच मिनिटांहून कमी उरली होती. ललितानं एप्रन काढून बाजूला ठेवला, मोजे बदलले, ती कड साबणानं परत घासली, धुतली, बाटलीतल्या पाण्याला पुन्हा पट्टी लावून पाहिली आणि सगळं टेबल नव्यानं ओलं केलं. मग उभी राहिली. या वेळी तिनं हात बांधले नाहीत. हातात धरायला एप्रन नव्हताच.

घंटा वाजली तेव्हा टेबल दुसऱ्यांदा ओलं केल्याला एकच मिनिट झालं होतं.

"टाइम ओवर," मॅडम म्हणाल्या. "हटिए."

ललिता हलली नाही. "मॅडम, आधा बाकी है. अभी हट गई तो टेबल कच्चा रहेगा."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. मग खुर्चीवरची फडकी उचलून बाजूला केली आणि खाली बसल्या. दोघी टेबलाकडे बघत राहिल्या. दोन मिनिटं झाली तेव्हा ललिता म्हणाली, "अब हो गया. इसको ऐसे ही सूखने दीजिए," आणि बाहेर गेली.

बाहेर बाकावर तिनं निकाल लागेपर्यंत दोनदा रडून घेतलं. वेळ गेली म्हणजे गेली. भय्याजीचा फोन आला, तो तिनं उचलला नाही.

दुपारी मॅडमनी तिला आत बोलावलं.

"लेट के पाँच नंबर कट गए," त्या म्हणाल्या.

"हाँ जी."

"पिछली दो बार आपने पोंछा और रुकीं तक नहीं. ऑडिट में मुझे वो आदमी चाहिए जिसको पता चले. गलती तो सबसे होती है." त्यांनी कागद पुढे सरकवला. "यहाँ साइन कीजिए. आप पास हैं."

ललितानं सही केली. जिना उतरून ती रस्त्यावर आली, तेव्हा कितीतरी दिवसांनी आपल्याला भूक लागली आहे हे तिला कळलं, आणि तिनं कोपऱ्यावर उभं राहून दोन समोसे खाल्ले, मगच नवऱ्याला फोन लावला.

"फोन कावून नाही उचलला?" भय्याजी म्हणाला. "मले वाटलं..."

"पास झाली."

पलीकडून क्रेनचा आवाज येत होता. त्यातच तो कुणाला तरी ओरडून सांगत होता, "बायको पास झाली रे माही."

संध्याकाळी घरी चहा झाल्यावर ललिता कपबशा धुवायला बसली. एकेक कप धुऊन पुसून ठेवू लागली. कलावतीबाई दाराशी बसून बघत होत्या.

"पुसून राहिली? तुह्या परीक्षेत तर पुसायचं नसते म्हणे."

"घरी पुसते ना, आई. इथं काजळ येते."

"अन् तिथं नाही येत?"

"तिथं खिडक्याच नाहीत. हवा पण गाळून घेतात."

म्हातारीनं खिडक्या नसलेलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणून पाहिलं असावं.

"मंग ओलं राहिलं तरी चालते," त्या शेवटी म्हणाल्या, आणि कमरेचं फडकं काढून सुनेच्या हातात दिलं, कारण ललिताचं भिजून गेलं होतं.