डावा काठ, उजवी कूस

दादानं मुरूम आणून दारात टाकला, तेव्हा आईला जाऊन तीन महिने झाले होते. त्या मुरमानं बाबांच्या मागाचा खड्डा बुजवायचा होता. विणकर ज्या खड्ड्यात पाय सोडून बसतो तोच बुजला की माग संपला. दादा कामठीला पॉवरलूमवर होता. आठवड्यातून एकदा यायचा. त्याचं म्हणणं सरळ होतं: बाबांचा हात गेला आहे, विणकर सोसायटीनं त्यांची दोन पातळं परत पाठवली, आता म्हाताऱ्याला बसू द्या.

ती दोन्ही पातळं मी उलगडून पाहिली. मी शाळेत शिकवते, माग कधी चालवला नाही, पण कोष्ट्याच्या घरात जन्मलेल्या मुलीला काठ वाचता येतो. दोन्ही पातळांचा उजवा काठ बाबांच्या हातचा होता, सुतासारखा सरळ. डावा काठ तेवढा सैल पडला होता. मध्येच दोरे सुटून आत ओढले गेले होते.

मी दादाला विचारलं, हात गेला असता तर एकच काठ कसा बिघडला असता? तो म्हणाला, शाळेतलं शहाणपण शाळेत ठेव. आत्या म्हणजे तुळजाबाई, बाबांची थोरली बहीण, आईनंतर आमच्याकडे राहायला आली होती. तीही दादाच्याच बाजूची.

उन्हाळ्याची सुट्टी होती. मी चार दिवस मागाजवळ बसून राहिले. आडवं सूत नेणारा धोटा उजवीकडे गेला की बाबांचं डोकं त्याच्यामागे जायचं. डावीकडे गेला की मान अर्ध्यात अडायची, फक्त डोळे जायचे, आणि डावा काठ त्यांना नीट दिसत नसे. उजव्या हाताला मुंग्या येतात म्हणून ते मधूनमधून बोटं झटकायचे. उठताना कंबर धरायचे.

दुपारी जेवून ते आडवे झाले, तेव्हा मला कळलं. ते पालथे झोपले. डावीकडे भिंत होती, म्हणून तोंड उजवीकडे. दोन तास मान तशीच पिळलेली, पोट खाटेच्या झोळात उतरलेलं, कंबर मधोमध वाकलेली. श्वास घ्यायचा तर दर वेळी छातीला स्वतःचंच वजन उचलावं लागत होतं. रात्रीही हेच, आत्या म्हणाली, खूश होऊन: "पण घोरणं तं गेलं ना वं."

ते खरं होतं. बाबा पूर्वी उताणे झोपून असे घोरायचे की गल्लीतली पोरं नक्कल करायची. घोरणं मध्येच थांबायचं, श्वासही थांबायचा, मग दचकल्यासारखा परत सुरू व्हायचा. आईनं त्यावर स्वतःचा इलाज केला होता. सूत गुंडाळायच्या, मागावरच्या तीन रिकाम्या कांड्या तिनं बाबांच्या बंडीच्या पाठीवर आतून शिवल्या होत्या. उताणं झालं की त्या टोचायच्या आणि बाबा कुशीवर वळायचे. वीस वर्षं बंडी बदलली की कांड्या उसवून नव्या बंडीत जायच्या.

तेराव्यानंतर माग पुन्हा सुरू झाला. तेव्हा कांड्या कमी पडल्या, म्हणून बाबांनी स्वतःच त्या उसवून मागावर लावल्या होत्या. मागाला कमी पडली की आमच्या घरात कांडी रिकामी ठेवत नाहीत. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

मी बाबांना म्हटलं, कुशीवर झोपा. त्यांनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटलं, तेव्हा भिंतीकडे पाहत बोलले.

"कुशीवरून उताणा होतो मी, मग घोरतो. तुझी माय होती तं कांड्या होत्या. नाही भागलं तं हातानं वळवे. आता कोण वळवंन? पालथा पडलो की कोणाले उठवा नाही लागत."

संध्याकाळी त्यांना महाल भागातल्या दत्तोपंत डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी मान वळवून पाहिली, छाती बराच वेळ ऐकली आणि समजावून सांगितलं. उताणं झोपल्यावर जीभ मागे पडून घसा अरुंद होतो, म्हणून घोरणं. पालथं झोपल्यानं ते कमी झालं खरं, पण त्याची भरपाई मान आणि कंबर करत होती. कुशीवर घसाही मोकळा राहतो आणि पाठही सरळ राहते. फक्त खांद्याची उंची भरून काढेल एवढी उशी हवी आणि दोन गुडघ्यांमध्ये चादरीची एक घडी.

"कोणत्या कुशीवर?" मी विचारलं.

ते म्हणाले, कुठल्याही. पोटाला डावी बरी.

आत्याला ते ऐकून जिंकल्यासारखं वाटलं. जेवणानंतर डाव्या कुशीवर पडणं तिला लहानपणापासून शिकवलेलं होतं. पण डाव्या कुशीवर बाबा पाव तासही टिकेनात. छातीत धडधड ऐकू येते, दम लागतो, म्हणून उठून बसायचे. आत्या म्हणाली, नाटक करून राहिला. मी तीन दुपारी श्वास मोजले. डाव्या कुशीवर मिनिटाला सव्वीस, उजव्या कुशीवर अठरा. कागद घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बाबांना डाव्या कुशीवर निजवून परत छाती ऐकली. हृदय थोडं वाढलं आहे, म्हणाले, अशा माणसाला डावी कूस पुष्कळदा सोसत नाही. उजवीच ठेवा. औषध लिहून दिलं.

उजवीवर बाबांना आंबट ढेकर यायचे. आत्यानं सांगितलं होतंच की उजवीवर अन्न वर येतं, आणि तिचं चूक नव्हतं. मग मी रात्रीचं जेवण दिवेलागणीच्या आधी वाढू लागले, आणि खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवल्या. आत्याला ते पटलं नाही. तिच्या मते पुरुष माणसानं मागावरून उठल्यावरच जेवायचं असतं. मी वाढत राहिले.

कांड्या मी मागावरून मागून घेतल्या. बाबांनी सुटं सूत काढून तीन रिकाम्या कांड्या माझ्या हातात ठेवल्या. जुनी बंडी उन्हाकडे धरली तर आईच्या टाक्यांची भोकं अजून दिसत होती. त्याच भोकांतून सुई घातली. माझा टाका वाकडा येतो, तरी ओळ तिचीच राहिली.

पुढच्या रविवारी दादा फावडं घेऊन आला. मी खड्ड्यात उतरून बाबांच्या जागी बसले.

"उठ," तो म्हणाला.

"मागावर पातळ चढलं आहे. ते पुरं होऊ दे. डावा काठ सैल निघाला तर मी स्वतः मुरूम ओतीन."

"आणि नाही निघाला तं?"

"तर तुझं फावडं तू घेऊन जा."

तो बाबांकडे वळला. ते बाजेवर बसून होते. एरवी मोठ्या मुलासमोर ते मान खाली घालत. त्या दिवशी त्यांनी मान हळूच डावीकडे वळवली, जवळजवळ खांद्यापर्यंत, आणि त्याच्याकडे पाहिलं.

"उठ वं पुष्पा," ते मला म्हणाले. "मले बसू दे. उजेड जाते."

पातळाला चोवीस दिवस लागले. मुंग्या पहिल्या आठवड्यात कमी झाल्या, कंबर मात्र सावकाश सुटली, अजूनही ढगाळ दिवशी धरते. घोरणं संपलं नाही, पण श्वास मध्येच थांबल्याचं मला दुपारी पुन्हा दिसलं नाही. पातळ उतरलं त्या दिवशी दादा आला होता. त्यानं दोन्ही काठ अंगठ्याखालून सरकवत शेवटापर्यंत नेले. मग परत सुरुवातीपासून फक्त डावा. घडी घालून ते त्यानंच सोसायटीत नेलं. या वेळी ते परत आलं नाही.

मुरूम त्यानं नेला नाही. मृग लागला तेव्हा दारापुढच्या खळग्यात पाणी साचू लागलं, म्हणून मी आणि आत्यानं तो घमेल्यानं तिथं टाकला. आत्या अजून डाव्या कुशीवरच झोपते.