पुढच्या मुठीवरचा हात

मी एक जुना रंधा आहे, मित्रांनो. सुताराचा. पोटात पोलादी पातं, मागे एक मूठ आणि पुढे एक आडवी मूठ. फळी रुंद असली की मागचा ढकलतो, समोरचा ओढतो. माझा सुतार ढकलायचा आणि त्याची बायको ओढायची. ओढता ओढता त्याची खोडी काढायची, "अहो, जोर लावा की, मी काय एकटीच जेवते?"

मग तिला दिवस गेले. पाळण्यासाठी त्याने सागाची फळी आणली. पाचव्या महिन्यात तिचं पोट दुखायला लागलं, दोघं दवाखान्यात गेले आणि रिकाम्या हातांनी परत आले.

तिच्या अंगाला मात्र काही कळलंच नव्हतं. छातीत दूध उतरलं. भिंतीपलीकडे बसून ती नसलेल्या बाळाशी बोलायची. तो लगेच कामाला लागला. लोक त्याला विचारायचे, ती कशी आहे? तू कसा आहेस, हे कुणी विचारलं नाही. त्याला वाटायचं, बाळाचा विषय काढला की ती कोसळेल. तिला वाटायचं, याला काहीच वाटत नाही.

आणि तो मला घेऊन पाळण्याची तीच फळी तासत राहायचा. ती कधीच गुळगुळीत झाली होती.

आता सांगतो ते माना नाहीतर नका मानू. समोर कुणी नसायचं, तरी माझी पुढची मूठ कुणीतरी ओढायचं. तिचा हात मला ठाऊक होता, हा तिचा नव्हता. हा अगदी इवलासा. खालचा लाकडाच्या ढलप्यांचा ढीग, वारा नसताना, झोपलेल्याच्या छातीसारखा वरखाली व्हायचा. सुताराचे हात गार पडायचे. पण तो थांबायचा नाही. थांबलो तर ती ओढ सुटेल, ही त्याची धास्ती.

एका दुपारी ती आत आली, भांडायलाच. म्हणाली, लाकडाला हात लावता, मला नाही. रागाने तिने फळी उचलली. खिडकीतलं ऊन फळीतून आरपार येत होतं. तिची बोटं पलीकडून दिसत होती.

"ही तर संपत आली."

"संपू नये म्हणून रंधा हळूहळू मारतोय," तो म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "तू बोलतेस ना आपल्या लेकीशी, ते मी भिंतीला कान लावून ऐकतो."

"मग आत का नाही आलात?"

"मला बघून गप्प झाली असतीस."

ती ढलप्यांतच बसली. मग त्यांनी आपसात ठरवलं. ती बोलेल, तो हातात काम ठेवून ऐकेल. सोसलं नाही तर तो "आज नको" म्हणेल, आणि त्याला काही वाटत नाही असा अर्थ तिने त्यातून काढायचा नाही. तिला रडू आलं तर त्याने ते थांबवायला धावायचं नाही.

शेवटी तिने विचारलं, "दवाखान्यात मी गुंगीत होते. तुम्ही बघितलंत ना तिला?"

त्याने मला खाली ठेवलं. "बघितलं. कान तुझ्यासारखे होते."

इतके दिवस तो एकटाच ते घेऊन फिरत होता.

मित्रांनो, मला आता गंज चढलाय. तेल नाही दिलंत तरी माझं चालेल. पण घरात एक जण रडत असेल आणि दुसरा नुसता काम करत असेल, तर त्या दुसऱ्याला दगड म्हणू नका. जवळ जाऊन बसा. तू काय बघितलंस, एवढं विचारा.